फोनवर हेडफोन हळू का वाजतो?

जर्मनीच्या बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० प्रो हा हेडफोन वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत वापरला जातो. आता घरच्या घरी गाणी किंवा पॉडकास्ट करणाऱ्या मुलामुलींच्या टेबलावरही तो दिसतो. तो घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो : बत्तीस, ऐंशी की अडीचशे? हे आकडे ओहमचे आहेत. तिन्ही हेडफोन दिसायला जवळजवळ सारखे असतात. पुष्कळ जण अडीचशेचा उचलतात, कारण मोठा आकडा म्हणजे वरचा दर्जा अशी आपली सवय आहे आणि ‘खरा स्टुडिओवाला’ म्हणून त्याची ख्यातीही आहे. घरी येऊन तो फोनला जोडला जातो, व्हॉल्यूम शेवटच्या रेघेपर्यंत जातो आणि तरी आवाज पुरत नाही. मग कोणी हेडफोन सदोष म्हणून परत करतो, कोणी फोनला दोष देतो, कोणी घाईघाईने ॲम्प्लिफायर विकत घेतो.

खरं तर हेडफोनही ठीक असतो आणि फोनही. त्या दोघांचा हिशेब जुळलेला नसतो, इतकंच. हा हिशेब शाळेतल्या ओहमच्या नियमाएवढा सोपा आहे आणि खरेदीच्या आधी पाच मिनिटांत करता येतो. तो न करता लोक हजारो रुपये घालवतात, हे पाहून वाईट वाटतं.

हेडफोनच्या प्रत्येक कपात एक पातळ पडदा असतो. त्याला तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत तरंगतं. तारेतून गाण्याचा विद्युतप्रवाह गेला की चुंबक वेटोळ्याला मागेपुढे ढकलतो, पडदा हलतो आणि हवा हलते. वेटोळं प्रवाहाला जो अडथळा करतं त्याला इंपीडन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. स्वरानुसार तो कमीजास्त होतो, म्हणून खोक्यावरचा आकडा हा एक ठोकळ आकडा समजायचा.

आता बत्तीस आणि अडीचशे यांत फरक कशाचा? मुख्यतः तारेच्या जाडीचा. चुंबकातली फट तेवढीच आणि तिच्यात मावणारं तांबंही साधारण तेवढंच. ते जाड तारेचे थोडे वेढे घालून भरलं तर अडथळा कमी होतो, केसासारख्या बारीक तारेचे पुष्कळ वेढे घातले तर वाढतो. जाड तारेच्या वेटोळ्याला ढकलायला जास्त प्रवाह आणि कमी व्होल्टेज लागतं. बारीक तारेच्या वेटोळ्यात वेढे जास्त असल्याने थोड्या प्रवाहातही जोर मिळतो, पण तेवढा प्रवाह रेटायला व्होल्टेज जास्त लागतं. प्रवाह आणि व्होल्टेज यांचा गुणाकार म्हणजे पॉवर. ती दोन्हीकडे जवळपास सारखीच लागते.

म्हणूनच बायरडायनॅमिक या हेडफोनची संवेदनशीलता ९६ डेसिबल देते. संवेदनशीलता म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर कानाशी किती मोठा आवाज निघतो ते. इथे ती ठरावीक वीज आहे एक मिलीवॅट, म्हणजे वॅटचा हजारावा भाग. एक मिलीवॅट द्या आणि ९६ डेसिबल घ्या, मग वेटोळं बत्तीसचं असो की अडीचशेचं. कागदावर दोन्ही हेडफोन तितकेच मोठ्याने वाजणारे आहेत, आणि नेमकी इथेच फसगत होते.

कारण फोन मिलीवॅट मोजून देत नाही. फोन व्होल्टेज देतो. व्हॉल्यूमच्या प्रत्येक पायरीला ठरावीक व्होल्टेज बाहेर येतं आणि शेवटच्या पायरीला त्याची कमाल मर्यादा येते. त्या व्होल्टेजमधून किती वीज ओढून घ्यायची हे समोरचा हेडफोन ठरवतो. आपल्या घरातल्या विजेचंही असंच असतं. भिंतीतल्या पिनेला कायम २३० व्होल्ट असतात. २,००० वॅटच्या गीझरची कांडी जेमतेम २६ ओहमची असते म्हणून ती इतकी वीज खेचते आणि ६० वॅटचा पेटलेला पिवळा बल्ब जवळजवळ ९०० ओहमचा असतो म्हणून तो थोडक्यात भागवतो. व्होल्टेज तेच असेल तर अडथळा जितका जास्त तितकी पॉवर कमी.

हेच गणित फोनवर लावू. ॲपलचा टाइप-सी डोंगल, म्हणजे हेडफोनची गोल पिन लावायची छोटी वायर, दोन प्रकारचा आहे. अमेरिकेत विकला जाणारा कमाल सुमारे एक व्होल्ट देतो, युरोपात विकला जाणारा सुमारे अर्धा. युरोपात खिशातल्या संगीतयंत्रांच्या आवाजावर मर्यादा घालणारे नियम आहेत, त्याचा हा परिणाम. अनेक फोनच्या हेडफोन जॅकचा आकडाही अर्धा ते एक व्होल्टच्या दरम्यान येतो. आपण अर्धा व्होल्ट धरू. पॉवर काढायची तर व्होल्टेजचा वर्ग करायचा आणि ओहमने भागायचं. अर्ध्याचा वर्ग पाव. पाव भागिले २५० म्हणजे बरोबर एक मिलीवॅट. तेव्हा अडीचशेचा हेडफोन अशा फोनवर पूर्ण व्हॉल्यूमला ९६ डेसिबल देईल. ऐंशीचा तीन मिलीवॅटपेक्षा थोडी जास्त वीज ओढेल आणि १०१ डेसिबलपर्यंत जाईल. बत्तीसचा जवळपास आठ मिलीवॅट ओढून १०५ डेसिबल गाठेल.

डेसिबलची मोजणी साध्या बेरजेसारखी नसते. पॉवर दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, दहापट केली की १०. आणि १० डेसिबल वाढले की आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे बत्तीस आणि अडीचशे यांच्यातला ९ डेसिबलचा फरक कानाला जवळजवळ दुपटीचा आहे. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा आणि खोक्यावर सारखीच संवेदनशीलता लिहिलेला हेडफोन, पण फोनवर एक दुसऱ्याच्या दुपटीने वाजतो.

एक शंका इथे रास्त आहे. ९६ डेसिबल म्हणजे काही कमी आवाज नव्हे, मग तो पुरत का नाही? याचं उत्तर गाण्याच्या ध्वनिमुद्रणात आहे. डिजिटल ध्वनीला एक छत असतं, त्याच्या वर आकडाच नसतो. फोनचा तो अर्धा व्होल्ट या छताला मिळतो. गाणं मात्र सतत छताला टेकून चालत नाही. हल्लीची सिनेमाची आणि नाचाची गाणी ठासून भरलेली असतात, त्यांची सरासरी छताच्या खाली दहाएक डेसिबल असते. अशा गाण्याला अडीचशेचा हेडफोन सरासरी ८६ डेसिबल देईल, आणि शांत खोलीत ते भरपूर होतं. आता त्याच फोनवर एखाद्या शास्त्रीय मैफलीचं, फारशी कापाकापी न केलेलं ध्वनिमुद्रण लावा. तबल्याची एखादी थाप छताला लागत असते, पण तानपुरा आणि सुरुवातीची आलापी तिच्यापेक्षा वीस-पंचवीस डेसिबल खाली असते. हिशेब केला तर आलापी सत्तर-पंचाहत्तर डेसिबलवर येते, आणि तीही व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावर. त्यात खिडकीतून रिक्षांचा आवाज येत असेल तर मंद्रातले सूर निसटतात. म्हणून एकच हेडफोन, एकच फोन, आणि एक म्हणतो छान वाजतो, दुसरा म्हणतो काहीच ऐकू येत नाही. दोघंही खरं सांगत असतात.

ॲप्समधली एक सोयही यात भर घालते. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी एका पातळीवर आणतात, म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाताना दचकायला होत नाही. ती पातळी गाठण्यासाठी जोरात भरलेली गाणी काही डेसिबल खाली ओढली जातात. फोन आधीच तोकडा पडत असेल तर ही सेटिंग बंद करून पाहणं हा फुकटचा उपाय आहे. तसंच आयफोनमध्ये मोठे आवाज कमी करण्याची सेटिंग असते, तीही एकदा तपासावी. अँड्रॉइडवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : ॲपलचा तो डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आपल्या पूर्ण ताकदीने चालत नाही. डोंगलच्या आतला व्हॉल्यूम खालीच अडकून राहतो आणि फोनच्या पडद्यावर मात्र शंभर टक्के दिसत असतात.

आता ॲम्पकडे वळू. फोनला व्होल्टेज कमी का पडतं, याचं कारण त्याच्या पोटात आहे. लिथियमचा एक सेल साधारण ३.७ व्होल्टचा असतो आणि बॅटरी वाचावी म्हणून हेडफोनच्या चिपला त्याहूनही कमी व्होल्टेजवर चालवतात. टेबलावरचा ॲम्प भिंतीतल्या विजेवर चालतो. त्याच्या आत अधिक बारा आणि उणे बारा व्होल्टसारखा पुरवठा असू शकतो. असा ॲम्प हेडफोनला सहज पाच व्होल्ट देतो. पाचचा वर्ग पंचवीस, भागिले २५० म्हणजे १०० मिलीवॅट. फोनच्या शंभरपट. डेसिबलमध्ये ती वाढ २० ची, म्हणजे ९६ वरून थेट ११६. शंभरपट वीज, पण कानाला आवाज चौपटच वाटेल. या दोन आकड्यांमधलं अंतर मनात पक्कं बसलं की ॲम्पच्या जाहिरातीतल्या वॅटच्या आकड्यांनी माणूस हुरळून जात नाही.

त्या आकड्यांबद्दल थोडं सांगायला हवं. ॲम्पच्या खोक्यावर बहुतेक वेळा ‘३२ ओहमला १ वॅट’ असं काही छापलेलं असतं. यातून अडीचशेच्या हेडफोनला किती मिळेल हे थेट कळत नाही, उलटं गणित करावं लागतं. ३२ ओहममध्ये १ वॅट जायला सुमारे ५.७ व्होल्ट आणि १७७ मिलीअँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे ॲम्प निदान ५.७ व्होल्ट तरी देऊ शकतो आणि अडीचशेला त्यातून किमान १३० मिलीवॅट जातील. अनेकदा जास्तही जातात, कारण ३२ ओहमला ॲम्पची मर्यादा प्रवाहाची असते आणि २५० ला व्होल्टेजची. चांगला उत्पादक म्हणूनच ३२, १५०, ३०० अशा दोन-तीन भारांना किती पॉवर मिळते ते वेगवेगळं छापतो. जो फक्त एकच मोठा आकडा छापतो, त्याच्याकडून घेताना मी तरी सावध राहीन.

आतापर्यंतच्या हिशेबावरून एक नियम काढावासा वाटेल : ओहम जास्त तर हेडफोन अवघड, ओहम कमी तर सोपा. बाजारात हाच नियम सांगितला जातो आणि तो चुकीचा आहे. डीटी ७७० च्या बाबतीत तो खरा ठरला, कारण तिन्हींची संवेदनशीलता एकच होती. दोन वेगळ्या घडणीचे हेडफोन घेतले की तो कोसळतो.

सेनहायझरचा एचडी ६५० घ्या. हा ३०० ओहमचा. हायफायमॅनचा एचई-६ घ्या. तो ५० ओहमचा. नियमाप्रमाणे एचई-६ फोनवर जोरात वाजायला हवा. प्रत्यक्षात तो फोनवर अगदीच मलूल वाजतो आणि अवघड हेडफोनांमध्ये त्याचं नाव पहिल्या काहींत घेतलं जातं. एचडी ६५० ची संवेदनशीलता कंपनी १०३ डेसिबल देते, पण एक व्होल्ट दिल्यावर. एचई-६ ची ८३.५ डेसिबल आहे, एक मिलीवॅट दिल्यावर. इथे दोन सापळे आहेत. पहिला असा, की दोन कंपन्यांचे आकडे वेगळ्या मापाचे आहेत, त्यांची सरळ वजाबाकी करता येत नाही. काही विक्रेते नुसतं ‘१०३ डेसिबल’ लिहितात आणि कशाला १०३ ते लिहीतच नाहीत; असा आकडा निरुपयोगी आहे. दुसरा सापळा असा, की एकट्या ओहमवरून काहीच ठरत नाही. दोन्ही आकडे मिळून एकच आकडा काढायचा : एक व्होल्टला किती डेसिबल. फोन व्होल्टेज देतो, म्हणून फोनसाठी हाच आकडा कामाचा. मिलीवॅटचं माप व्होल्टमध्ये नेण्याचं सूत्र असं आहे, यात Z म्हणजे ओहम :

```
dB/V = dB/mW + 30 − 10 × log10(Z)
```

फोनच्या कॅल्क्युलेटरवर हे सहज होतं. ५० ओहमला शेवटचा भाग १७ येतो, म्हणजे ८३.५ मध्ये १३ मिळवायचे. एचई-६ एका व्होल्टला ९६.५ डेसिबल. ३०० ओहमचा एचडी ६५० एका व्होल्टला १०३. म्हणजे सहापट ओहमचा हेडफोन फोनवर साडेसहा डेसिबलने जास्त वाजतो. आपल्या जुन्या उदाहरणातले तिघं याच मापाने १११, १०७ आणि १०२ येतात.

आता पुढची पायरी. शांत आलापीपासून जोरदार थापेपर्यंत सगळं मोकळेपणी ऐकायचं तर क्षणिक शिखरांना ११० डेसिबलपर्यंत जाण्याची ऐपत असावी, असं धरू. सतत नव्हे, फक्त त्या क्षणांपुरती. एचडी ६५० ला ७ डेसिबल कमी पडतात. त्यासाठी सव्वादोन व्होल्ट लागतील, वीज सतरा मिलीवॅटच्या आत आणि प्रवाह अवघा साडेसात मिलीअँपिअर. एचई-६ ला ११० गाठायला ४.७ व्होल्ट, सुमारे ४५० मिलीवॅट आणि ९५ मिलीअँपिअर लागतील. पहिल्याला हवं फक्त थोडं जास्त व्होल्टेज. चांगला छोटा डोंगलही ते देऊ शकतो. दुसऱ्याला व्होल्टेजही हवं आणि प्रवाहही, दोन्ही एकदम. त्याला खरोखर टेबलावरचा दणकट ॲम्प लागतो. एचई-६ मध्ये नेहमीचं वेटोळं नसतं, तर पातळ फिल्मवर पसरलेले वाहक पट्टे चुंबकांच्या रांगांमध्ये असतात. त्या रचनेला जोर मिळवायला बरीच वीज लागते आणि तिचा ओहमच्या आकड्याशी काही संबंध नाही.

मग अडीचशे ओहमचे हेडफोन बनवतातच कशाला, असं कोणी विचारेल. स्टुडिओत एका वाहिनीवर चार-पाच वादकांचे हेडफोन समांतर जोडतात. बत्तीसचे चार जोडले तर एकूण भार आठ ओहमवर येतो आणि ॲम्पची दमछाक होते; अडीचशेचे चार जोडले तरी तो साठच्या वर राहतो. शिवाय जुन्या उपकरणांच्या हेडफोन जॅकमध्ये स्वतःचाच मोठा अडथळा असे. १९९६ च्या आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकात तो १२० ओहम सुचवला होता. अशा जॅकला बत्तीसचा हेडफोन लावला तर व्होल्टेजचा जेमतेम पाचवा भाग हेडफोनपर्यंत पोचतो, अडीचशेच्या हेडफोनला दोन तृतीयांश मिळतो. त्या जगात अडीचशेचाच हेडफोन शहाणपणाचा होता. आजच्या फोनच्या आणि डोंगलच्या जॅकचा अडथळा साधारण एक-दोन ओहमचा असतो, त्यामुळे तो फायदा उरला नाही.

संगणकांत आता हळूहळू तोडगा येतो आहे. ॲपलच्या २०२१ पासूनच्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये पिन घातल्यावर लॅपटॉप हेडफोनचा इंपीडन्स मोजतो. १५० ओहमच्या आत असेल तर कमाल सव्वा व्होल्ट, १५० ते १,००० ओहम असेल तर ३ व्होल्ट. एवढ्याने अडीचशेचा डीटी ७७० एका व्होल्टच्या १०२ वरून साडेनऊ डेसिबल वर जातो आणि वेगळ्या ॲम्पची गरज संपते.

फोन तोकडा पडतो आहे हे ओळखायचं कसं? दोन वेगळ्या खुणा आहेत, आणि त्यांची गल्लत होता कामा नये. व्होल्टेज कमी पडत असेल तर आवाज फक्त लहान राहतो. स्वच्छ असतो, पण वर जात नाही. जास्त ओहमच्या हेडफोनला फोनवर असंच होतं. ‘फोनवर हेडफोन फाटतो’ अशी तक्रार असेल तर कारण बहुधा वेगळं असतं : कमी ओहमच्या, कमी संवेदनशील हेडफोनला प्रवाह पुरत नाही. तेव्हा गाण्यातला गळा ठीक वाटतो, पण ढोल किंवा बास आला की आवाज चिरका, खरखरीत होतो. व्हॉल्यूम तीन-चार पायऱ्या खाली आणा. खरखर एकदम नाहीशी झाली तर फोन दमलेला होता. तरीही राहिली तर दोष ध्वनिमुद्रणात किंवा हेडफोनमध्ये शोधा.

अंदाजावर राहायचं नसेल तर फोनचं व्होल्टेज घरी मोजता येतं. ५० हर्ट्झचा, पूर्ण पातळीचा साइन स्वर असलेली फाइल घ्या, व्हॉल्यूम पूर्ण करा, हेडफोन काढून ठेवा आणि पिनेच्या टोकाला व बुडाच्या कड्याला मल्टिमीटर लावून एसी व्होल्टेज वाचा. ५० हर्ट्झच घ्यायचं, कारण स्वस्त मीटर घरगुती विजेच्या कंपनांनाच नीट वाचतात, किलोहर्ट्झला फसतात. मात्र बाजारात मिळणाऱ्या छोट्या पिवळ्या मीटरची एसीची सर्वांत खालची पट्टी बहुधा २०० व्होल्टची असते. तिच्यावर अर्धा आणि एक यांतला फरक विश्वासाने कळत नाही. दोन व्होल्टची एसी पट्टी असलेला मीटर कोणाकडून तरी मागून आणावा. हा एक आकडा हातात आला की कुठलाही हेडफोन आपल्या फोनवर किती वाजेल ते विकत घेण्याआधी सांगता येतं.

उलट्या टोकाचंही एक उदाहरण द्यायला हवं, कारण तिथे चूक महागात पडते. शूरचा एसई८४६ हा कानात बसणारा इअरफोन ९ ओहमचा आहे आणि एका मिलीवॅटला ११४ डेसिबल देतो. अर्ध्या व्होल्टच्या फोनवरही त्याचं गणित १२८ डेसिबलपर्यंत जातं. याला मोठा ॲम्प लावणाऱ्याला आवाज वाढण्याचा काही उपयोग नाही. उलट शांत जागी ॲम्पची स्वतःची सळसळ ऐकू येऊ लागते, आणि ॲम्पच्या जॅकचा अडथळा काही ओहमचा असेल तर अशा इअरफोनचा खर्ज आणि तार यांचा तोलच बदलतो.

ब्लूटूथ हेडफोनांना हे काहीच लागू नाही. त्यांच्या आत त्यांचाच ॲम्प असतो आणि तो त्यांच्याच वेटोळ्यांना बेतून बसवलेला असतो.

राहिला प्रश्न ॲम्पने आवाज ‘सुधारतो’ का याचा. माझं मत स्पष्ट आहे : तुमच्या फोनवर तुमची सर्वांत हळू ध्वनिमुद्रणंही व्हॉल्यूमच्या तीन चतुर्थांशात पुरेशी ऐकू येत असतील आणि बासला खरखर नसेल, तर आवाजासाठी ॲम्प घेऊ नका. दुकानात ॲम्पवर हेडफोन सरस वाटतो, याचं बहुतेक वेळा एकच कारण असतं : तो तिथे एक-दोन डेसिबल मोठ्याने वाजत असतो आणि आपल्या कानाला किंचित मोठा आवाज नेहमी जास्त चांगला वाटतो. तुलना करायचीच तर दोन्हीकडचा आवाज आधी सारखा करून घ्या. ॲम्पची गुंडी थोडी फिरवली तरी आवाज मोठा येतो, यालाही भुलू नका. त्यातून गेन किती आहे ते कळतं, ताकद किती ते कळत नाही.

आणि ॲम्प खरोखर लागत असेल तर तो वापरताना सांभाळा. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास सुरक्षित मानते. ९० डेसिबलला हीच मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. फोन बहुतेक हेडफोनांना एका मर्यादेबाहेर जाऊच देत नाही. ॲम्पला ती लाज नसते. बत्तीसच्या डीटी ७७० ला पाच व्होल्ट मिळाले तर पाऊण वॅटहून जास्त वीज जाईल, आणि कंपनीने या हेडफोनसाठी दिलेली मर्यादा १०० मिलीवॅट आहे. वेटोळं जळण्याआधी कान जातील. तेव्हा हेडफोन बदलताना, विशेषतः अडीचशेचा काढून बत्तीसचा लावताना, ॲम्पची गुंडी आधी शून्यावर आणा, पिन घाला, आणि हेडफोन कानावर चढवायच्या आधीच गाणं सुरू करून गुंडी हळूहळू वर न्या.